उजव्या खांद्यावरची सात किलोंची बॅग: डोंबिवली ते फोर्ट, एका मानदुखीचं प्रकरण

एकेचाळीस वर्षांच्या या ताई फोर्टमधल्या एका कार्यालयात हिशेब विभागात काम करतात. राहायला डोंबिवली पूर्वेला. बारा वर्षं हाच प्रवास. दिवाळीनंतर माझ्याकडे आल्या तेव्हा उजव्या बाजूची मान आणि खांदा सात-आठ महिने दुखत होता, आणि गळ्यात मानेचा पट्टा होता. सोबत एक्स-रे. त्याच्या रिपोर्टवर दोन गोष्टी लिहिलेल्या: मानेचा नेहमीचा बाक सरळ झाला आहे आणि मणक्यांत झिजेची सुरुवात दिसते. त्यावरून घरच्यांनी, शेजारच्यांनी आणि हळूहळू ताईंनी स्वतःही ठरवून टाकलं होतं की आपल्याला ‘स्पॉन्डिलायटिस’ झाला आहे आणि आता तो जन्मभर राहणार. (त्यांच्या संमतीने लिहिते आहे, ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि कल्याण-डोंबिवली पट्ट्यात काम करते, त्यामुळे अशा माना आणि असे खांदे माझ्याकडे सतत येतात. हेच प्रकरण निवडलं कारण दुखण्याचं मूळ हुडकायला त्यात एक्स-रेपेक्षा वेळापत्रक जास्त उपयोगी पडलं.

दुखणं कधी येतं आणि कधी येत नाही

दुखण्याची जागा ताईंनी बोटाने अचूक दाखवली. मान जिथे खांद्याला मिळते तो उजवीकडचा उतार, आणि तिथून थोडं खाली, पाठीवरच्या फऱ्याच्या हाडाचा वरचा आतला कोपरा. तिथून कधी कधी कळ कानामागे चढायची. सकाळी उठल्यावर फारसं काही नसे. अकराच्या सुमाराला, टेबलाशी बसल्यावर, खांदा भरून यायला लागायचा आणि चारपर्यंत मान डावीकडे वाकवणं नकोसं व्हायचं. दुखणं शून्य ते दहाच्या मापावर सांगायचं तर दुपारी सहा, रात्री चार.

ऑफिसात वाढतं म्हणून त्यांनी दोष संगणकाला दिला होता. स्क्रीन उंच करून झाली, खुर्ची बदलून झाली, फरक शून्य. मी विचारलं, "घरून काम असतं तेव्हा?" आठवड्यातून एक दिवस त्या घरून काम करायच्या, तेही जेवणाच्या टेबलावर, लाकडी खुर्चीत. त्या दिवशी खांदा दुखत नव्हता. तेवढेच तास, तोच लॅपटॉप, उलट बसायची व्यवस्था ऑफिसपेक्षा वाईट.

दुसरी खूण दिवाळीतली. सुट्टीत चकल्या, लाडू, घराची साफसफाई, पाहुणे, सगळं उजव्या हाताने चालू होतं. "चार दिवसांत खांदा हलका झाला, मॅडम. मला वाटलं पट्ट्याने गुण आला." पण पट्टा त्या आधीचे दीड महिने वापरतच होत्या. सोऱ्या दाबून, पीठ मळून जो खांदा बरा होतो, तो झिजलेल्या मणक्यामुळे दुखतोय हे मला पटेना. सुट्टीत एकच गोष्ट बंद होती, ती म्हणजे प्रवास.

झिजेबद्दल इथेच सांगते, कारण तो रिपोर्ट वाचून लोक घाबरून जातात. चाळिशीत मानेच्या मणक्यांत थोडीफार झीज दिसणं अतिशय सामान्य आहे, आणि ती ज्यांची मान कधीच दुखलेली नाही अशांच्या एक्स-रेतही दिसते. मानेचा बाक सरळ दिसणं हेही तसंच. स्नायू आखडले असले किंवा एक्स-रे काढताना हनुवटी जरा खाली असली तरी तो सरळ दिसू शकतो. रिपोर्ट खोटा नव्हता, पण या दुखण्याचं उत्तर त्यात नव्हतं.

तपासणीत काय सापडलं

आधी शंका फेडायच्या होत्या. दोन्ही हातांची पकड सारखी, कोपराच्या आणि मनगटाजवळच्या प्रतिक्षिप्त क्रिया सारख्या, त्वचेची जाणीव सगळीकडे शाबूत. मान मागे आणि उजवीकडे झुकवून डोक्यावर हलका दाब दिला तर उजव्या खांद्यावर ताण जाणवला, पण कळ हातात उतरली नाही. शीर दबलेली असती तर बहुधा उतरली असती. कोपर अंगाशी ठेवून हात बाहेरच्या बाजूला पूर्ण वळत होता, म्हणजे सांधा आखडलेला, ज्याला आपण फ्रोझन शोल्डर म्हणतो, तो प्रकार नव्हता. हात बाजूने वर नेताना मधल्या टप्प्यात चमक येत नव्हती, म्हणजे खांद्याच्या आतल्या स्नायूबंधांवरही संशय घ्यायचं कारण नव्हतं.

कमी होतं ते मान डावीकडे झुकवणं. उजवीकडे चाळीस अंशांच्या आसपास, डावीकडे पंचवीसवरच अडकायची. म्हणजे उजव्या बाजूचे स्नायू ताणून घ्यायला तयार नव्हते. बोटांनी चाचपलं तर दोन जागी दोरीच्या गाठीसारखा कडकपणा लागला. एक ट्रॅपेझियसच्या वरच्या भागात, म्हणजे मानेपासून खांद्यापर्यंत उतरणाऱ्या जाड स्नायूत. दुसरा लिव्हेटर स्कॅप्युली या स्नायूच्या खालच्या टोकाशी. हा स्नायू मानेच्या वरच्या चार मणक्यांपासून निघतो आणि फऱ्याच्या वरच्या कोपऱ्याला चिकटतो, बरोबर जिथे ताईंनी बोट ठेवलं होतं तिथे. त्याचं कामच फरा वर उचलून धरण्याचं.

एक गोष्ट ताईंनी निघता निघता सांगितली. गाडीत वरची कडी उजव्या हाताने बराच वेळ धरली की करंगळीच्या बाजूला मुंग्या येतात, हात खाली घेतला की मिनिटभरात जातात. हा तपशील महत्त्वाचा होता. मानेत शीर दबली असेल तर पुष्कळ रुग्णांना हात डोक्यावर ठेवल्याने उलट आराम पडतो. ते आपोआप हात डोक्यावर ठेवून बसतात. इथे हात वर गेला की त्रास आणि खाली आला की आराम, म्हणजे अडचण मणक्यापाशी नसून पुढे, कॉलरबोनच्या आसपास असण्याची शक्यता जास्त. हाताकडे जाणाऱ्या शिरांचा जुडगा तिथून, मानेच्या बाजूच्या स्नायूंमधून आणि कॉलरबोनखालून जातो. खांद्यावर बॅगेच्या पट्ट्याचा दाब, त्याच बाजूचा हात वर, आजूबाजूचे स्नायू आखडलेले, इतकं एकत्र आलं की मुंग्या येऊ शकतात. दोन्ही हात वर धरून मुठी उघडझाप करायला लावली, तेव्हा दीड मिनिटात उजवीकडे तसंच झालं, डावीकडे फक्त हात जड झाला. ही चाचणी निरोगी माणसांतही कधी कधी त्रास देते, म्हणून एकट्या तिच्यावर निदान टेकवत नाही. पण ताईंची हकिकत आणि चाचणी एकाच दिशेला बोट दाखवत होत्या.

बॅग काट्यावर

दुसऱ्या भेटीला बॅग जशी असते तशी घेऊन यायला सांगितलं होतं. आवरून नको, रोजचीच. सामान तोलायच्या हातकाट्याला टांगली: सात किलो. ताईंचं वजन चौपन्न, म्हणजे शरीराच्या वजनाच्या तेरा टक्के. मोठ्यांसाठी अशी कुठली सर्वमान्य मर्यादा नाही, पण तुलनेला सांगते: शाळेच्या दप्तरासाठी केंद्राच्या 2020 च्या धोरणात मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांची मर्यादा धरली आहे, आणि तीही दोन्ही खांद्यांवर घेतलेल्या दप्तरासाठी.

मग एकेक वस्तू बाहेर काढून तोलली. रिकामी बॅगच अकराशे ग्रॅम: जाड रेक्झिन, पितळी कड्या, आत चार कप्पे. लॅपटॉप आणि चार्जर मिळून सव्वादोन किलोंना थोडा कमी. तीन पुडांचा स्टीलचा डबा, जेवणासकट बाराशे ग्रॅम. स्टीलची लिटरभराची भरलेली बाटली चौदाशे. छत्री, नोव्हेंबरातही. बाकीचा सातशे ग्रॅम ऐवज म्हणजे पाकीट, किल्ल्या, पॉवर बँक, औषधांची पिशवी, सुट्ट्या नाण्यांचा बटवा आणि दोन वर्षांपूर्वीच्या पावत्या. ताई म्हणाल्या, "यातलं काय काढू? सगळंच लागतं." प्रत्येक बाईचं हेच उत्तर असतं आणि ते बरोबरच असतं. साडेआठला बाहेर पडून रात्री आठला घरी परतणाऱ्या बाईची बॅग म्हणजे तिचं दिवसभराचं घर. म्हणून मी ‘हे काढा’ इथून सुरुवात करत नाही. ही बॅग खांद्यावर नेमकी किती वेळ असते आणि कुठे, ते आधी लिहून काढते.

तो हिशेब ताईंनाही अनपेक्षित होता. घरून स्टेशनपर्यंत शेअर रिक्षा, बॅग मांडीवर. पूल आणि फलाट मिळून पंधरा ते वीस मिनिटं खांद्यावर. मग जलद गाडी, बायकांचा डबा. डोंबिवलीला चढताना बसायला मिळत नाहीच. आत शिरून उभं राहायला मिळालं तरी नशीब. सामान ठेवायची वरची फळी हाताच्या अंतरावर नसते, त्यामुळे बॅग खांद्यावरच, कधी ठाण्यापर्यंत, बहुतेकदा दादरपर्यंत. म्हणजे पाऊण तास. सीएसएमटीला उतरून फोर्टपर्यंत बारा-तेरा मिनिटं चाल. बेरीज केली तर सकाळी सव्वा तासाच्या आसपास. संध्याकाळी मात्र गाडी सीएसएमटीहूनच सुटते, बहुतेक वेळा जागा मिळते, बॅग मांडीवर किंवा फळीवर, आणि खांद्यावरचा वेळ जेमतेम पंचवीस मिनिटं. ताईंना वाटत होतं की संध्याकाळच्या गर्दीने आपण मोडतो. खांद्याचं नुकसान सकाळीच होऊन जात होतं, आणि त्याची भरपाई तो अकरानंतर मागत होता. संगणकावर आळ आला होता तो यामुळे.

सात किलो आणि खांद्याचा उतार

वजन हे दुखण्याचं अर्धंच कारण. माणसाचा खांदा बाहेरच्या दिशेने उतरता असतो, त्यामुळे एका खांद्यावर अडकवलेला पट्टा सतत घसरायला बघतो. तो घसरू नये म्हणून आपण नकळत तो खांदा कानाकडे उचलून धरतो. थोडासाच, कदाचित बोटभर. पण तो उचलून धरणारे स्नायू म्हणजे ट्रॅपेझियसचा वरचा भाग आणि लिव्हेटर स्कॅप्युली, आणि त्यांना पाऊण तासात एकदाही सैल पडायची सोय नसते. चालताना स्नायू आकसतो, सैल पडतो, रक्त आत-बाहेर होतं. सतत आकसून राहिलेल्या स्नायूत ते नीट होत नाही, मग जोर थोडा असला तरी तो दमतो आणि दुखायला लागतो. त्यात ताईंची ओढणी जॉर्जेटची. गुळगुळीत कापडावरून पट्टा आणखी घसरतो, खांदा आणखी वर जातो. ताई खोलीत चालून दाखवत होत्या तेव्हा मी रिकामी बॅग खांद्याला लावायला सांगितली, तरीही उजवा खांदा वर गेला. सवय इतकी मुरली होती.

दुसरं असं की शरीर तोल सांभाळायला डावीकडे कलतं, आणि नजर सरळ राहावी म्हणून मान पुन्हा उजवीकडे झुकवून घ्यावी लागते. एकाच टोकाला घागर लावलेली कावड कशी वाहावी लागेल, तसं हे. म्हणून अशा रुग्णांना पुष्कळदा डावी कंबरही दुखते. ताईंची दुखत होती, पण विचारेपर्यंत तो त्यांना वेगळाच आजार वाटत होता.

गर्दी यात तिसरी गोष्ट घालते, ती म्हणजे हिसका. ठाण्याला किंवा दादरला उतरणाऱ्या बायकांच्या लोंढ्यात बॅग अडकते, आपण एकीकडे, पट्टा दुसरीकडे. त्या क्षणी खांदा एकदम खाली आणि मागे खेचला जातो, मान उलट बाजूला. ताईंचं दुखणं सुरू झालं ते अशाच एका हिसक्यानंतर, मार्चमधे. बारा वर्षं बॅग तीच होती, मग याच वर्षी का, या त्यांच्या प्रश्नाचं उत्तर बहुधा हेच. आधीच दमलेल्या स्नायूला एक झटका बसला आणि त्यानंतर रोजच्या भाराने त्याला सावरायला वेळ दिला नाही.

पट्टा सोडणं

पहिली गोष्ट मानेचा पट्टा काढण्याची होती आणि तीच सगळ्यात अवघड गेली. ताईंचा आक्षेप योग्य होता: गळ्यात पट्टा असला की गाडीत लोक ढकलत नाहीत, कधी कुणी उठून बसायलाही देतं. पण मानेला दुखापत किंवा शस्त्रक्रिया झालेली नसताना आठवडेच्या आठवडे पट्टा घातला तर मानेचे स्नायू आळसावतात, आणि इथे दुखणारे स्नायू पट्ट्याच्या खाली, खांद्यावर होते. त्यांच्यावरचा भार पट्ट्याने गुंजभरही कमी होत नव्हता. म्हणून एकदम न काढता आधी घरी आणि ऑफिसात बंद, गाडीत आठवडाभर राहू दे, मग तिथेही बंद, असं ठरवलं.

बॅगेची नवी मांडणी

वजन कमी करताना मी मोठ्या वस्तूंपासून सुरुवात केली, कारण किल्ल्या आणि पावत्या काढून मनाला बरं वाटतं, खांद्याला नाही. ताईंनी साहेबांशी बोलून लॅपटॉप ऑफिसच्या कुलूपबंद खणात ठेवायची परवानगी मिळवली. घरून कामाचा दिवस आणि महिनाअखेर सोडली तर तो घरी लागतच नव्हता. एक जादा चार्जर घरी आणला. बाटली हलकी घेतली, निघताना अर्धीच भरायची, ऑफिसात पुन्हा. डबा दोन पुडांचा. छत्री कपाटात. आणि रेक्झिनच्या बॅगेऐवजी सातशे ग्रॅमची दोन पट्ट्यांची सॅक. लॅपटॉप असेल त्या दिवशी सगळं मिळून चार किलो शंभर ग्रॅम, नसेल त्या दिवशी अडीच किलोंच्या आत.

खरा बदल मात्र एका छोट्या पिशवीने झाला. मी विचारलं होतं, "बॅग फळीवर का नाही ठेवत? हाताने पुढे दिली की बायका ठेवतात ना." बायकांच्या डब्यात हे रोज चालतं, "ताई, जरा वर ठेवता का?" म्हटलं की बॅग हातोहात फळीवर जाते. ताई म्हणाल्या, "पाकीट, फोन, पास, सगळं आत असतं. नजरेआड कशी करू?" अडचण खांद्याची नव्हतीच, फोनची होती. मग फोन, पास, थोडे पैसे आणि किल्ल्या यांच्यापुरती गळ्यात तिरकी अडकवायची वीतभर पिशवी घेतली. वजन तीनशे ग्रॅम. ती अंगावर राहते आणि सॅक निश्चिंतपणे फळीवर जाते. पाऊण तासाचा भार एका झटक्यात खांद्यावरून उतरला.

फळीपर्यंत सॅक पोचत नाही त्या दिवशी ती पुढे, छातीवर, दोन्ही खांद्यांत. मुंबईच्या गाडीत हे कुणाला शिकवावं लागत नाही, पण पट्टे बहुतेकांचे लांब असतात. सॅक पोटाखाली लोंबली की ती मान पुढे खेचते आणि दुखणं एका बाजूचं दोन्ही बाजूंना होतं. सॅकची खालची कड बेंबीच्या वर राहील इतके पट्टे आवळायचे, लॅपटॉपची सपाट बाजू अंगाकडे, आणि मोकळा हात सॅकच्या खाली धरायचा म्हणजे थोडा भार खांद्यांवरून हातावर येतो. वरची कडी शक्यतो टाळून सीटच्या पाठीचा दांडा धरायचा, आणि कडीच धरावी लागली तर ठाणे, घाटकोपर, दादर येईल तसा हात बदलायचा. मुंग्यांवर मी सुचवलेला उपाय एवढाच होता.

बॅग फक्त डाव्या खांद्यावर बदलून घ्यावी का, हे ताईंनी आधीच करून पाहिलं होतं. दोन आठवड्यांत डावा खांदाही धरला. अदलाबदल करायची तर दर पाच-सात मिनिटांनी करावी लागते आणि गर्दीत ते जमत नाही.

व्यायाम, आणि मधेच बिघडलेला आठवडा

खांदेदुखीत लोकांना ताणाचे व्यायाम आवडतात, कारण लगेच हलकं वाटतं. ताणही दिला: उजवा हात खुर्चीच्या कडेला धरून, नाक डाव्या काखेकडे नेऊन पंचवीस-तीस सेकंद, दिवसातून तीनदा. पण माझा भर ताकदीच्या व्यायामावर होता. डेन्मार्कमधे अशाच, ट्रॅपेझियस दुखणाऱ्या कार्यालयीन बायकांवर झालेल्या अभ्यासात खांदे-मानेचे वजन घेऊन केलेले व्यायाम, आठवड्यातून तीनदा वीस-वीस मिनिटं, दहा आठवडे करवले तेव्हा दुखणं ठळकपणे कमी झालं होतं. नुसत्या सायकल चालवण्याने तितका टिकाऊ फरक पडला नव्हता. जो स्नायू भाराने दमतो त्याला भार पेलायला शिकवायचं, आणि तेही आकसून-सैल होऊन, अडकून राहून नव्हे.

तीनच व्यायाम ठरवले. दोन्ही हातांत अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली धरून हात बाजूने, किंचित पुढे, खांद्याच्या उंचीपर्यंत नेणं. तशाच बाटल्या धरून खांदे सावकाश वर उचलणं आणि तितक्याच सावकाश पूर्ण खाली सोडणं. यातला खाली सोडण्याचा भाग ताईंसाठी जास्त मोलाचा होता. आणि भिंतीला हात टेकून दंड, शेवटी भिंत जरा जास्तच ढकलून, म्हणजे फऱ्याच्या हाडाला धरून ठेवणारे बाजूचे स्नायूही कामाला लागतात. प्रत्येकी बारा वेळा, दोन फेऱ्या, एक दिवसाआड.

दहा दिवसांनी ताई रागावून आल्या. "दुखणं वाढलंय. मी बंद केलं सगळं." विचारलं तर दोन गोष्टी निघाल्या. पहिली, व्यायामानंतर दुसऱ्या दिवशी दोन्ही खांदे सारखेच ठणकत होते आणि तिसऱ्या दिवशी शांत होत होते. न वापरलेल्या स्नायूला नव्याने काम दिलं की येणारा हा ठणका. त्याने घाबरायचं कारण नसतं. तो फक्त एकाच बाजूला असता, हातात उतरत असता किंवा तीन दिवसांनंतरही टिकला असता तर मी थांबवलं असतं. दुसरी गोष्ट मला त्या दारातून आत येतानाच दिसली होती: नवी सॅक एकाच पट्ट्याने उजव्या खांद्यावर. दोन पट्टे असले तरी घाईत एकच अडकवला जातो, आणि सॅकचा पट्टा रुंद, मऊ असल्याने तेवढं टोचत नाही, म्हणून लक्षातही येत नाही. तेव्हा बाटल्या पाव लिटरच्या केल्या, आणि पूल चढण्याआधी दुसरा पट्टा अडकवायचा, हा एकच नियम पक्का केला. पुलाची पहिली पायरी ही आठवण.

सहाव्या आठवड्यात दुपारचं दुखणं सहावरून तीनवर आलं होतं. मान डावीकडे पस्तीस अंशांपर्यंत झुकत होती. मुंग्या जवळपास गेल्या होत्या. बाटल्या एक लिटरच्या झाल्या. मानेचा पट्टा कपाटात. बाराव्या आठवड्यात दुखणं एक-दोन, तेही फक्त लॅपटॉपच्या दिवशी, आणि डावी कंबर आपोआप शांत झाली होती. लिव्हेटरच्या टोकाशी दाबलं तर अजून दुखत होतं, पण दाबल्याशिवाय नाही.

मार्चअखेर

हिशेबाचं काम असलेल्या माणसाला मार्च चुकत नाही. लॅपटॉप रोज घरी, सोबत फाइली, रात्री उशिराची गाडी. व्यायाम सुटले. दोन आठवड्यांत दुखणं पुन्हा चारवर. ताईंना वाटलं सगळं पहिल्यासारखं झालं. तपासलं तर मान अजूनही जवळजवळ तेवढीच झुकत होती, हाताची ताकद आणि जाणीव सारखी होती, मुंग्या परतल्या नव्हत्या. म्हणजे भार वाढल्याचं दुखणं, नवा बिघाड नव्हे. फाइली ऑफिसातल्या एका सहकाऱ्याबरोबर वाटून घेतल्या, व्यायाम एकाच फेरीवर आणले पण सोडू दिले नाहीत, रात्री शेकायला गरम पाण्याची पिशवी. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात त्या पुन्हा दोनवर होत्या.

त्या महिन्यात मी एमआरआय का नाही सुचवला, असं त्यांच्या यजमानांनी विचारलं. पकड ढिली पडली असती, हातातून कप निसटायला लागला असता, सदऱ्याची बटणं लावताना बोटं अडखळली असती, चालताना पाय लटपटले असते किंवा लघवीवरचा ताबा बिघडला असता, तर त्याच दिवशी अस्थिरोग किंवा मेंदूविकार तज्ज्ञांकडे पाठवलं असतं. रात्री झोपेतून उठवणारं आणि कुठल्याच कुशीवर न थांबणारं दुखणं, सोबत ताप किंवा वजन घटणं असतं तरीही. आणि हे प्रत्येक प्रवाशाला सांगते: पूल चढताना खांदा, जबडा किंवा हात दुखू लागला, सोबत दम, घाम किंवा छातीत दडपण आलं, तर ते बॅगेवर ढकलू नका. फिजिओथेरपिस्टकडे येण्याआधी दवाखान्यात ईसीजी काढून घ्या. बायकांमधे हृदयविकाराची लक्षणं छातीत न जाणवता खांद्यात, पाठीत जाणवू शकतात. ताईंचं दुखणं चढताना नव्हे, बसल्यावर वाढायचं आणि दाबल्यावर नेमकं तिथेच दुखायचं, म्हणून मी त्या बाबतीत निर्धास्त होते. तरी पहिल्याच भेटीत रक्तदाब मोजला होता आणि हा प्रश्न विचारला होता.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. परतताना डोंबिवलीला स्टेशनबाहेर ताई भाजी घेतात, दोन-अडीच किलो, आणि ती पिशवी उजव्या हातात असते, बॅगेच्याच बाजूला. भाजी सॅकमधे घालायला त्या तयार नाहीत, टोमॅटो चेपतात म्हणून. सध्या पिशवी डाव्या हातात घ्यायची, एवढ्यावर आमचं एकमत झालं आहे. पावसाळ्यात छत्री त्याच हातात येईल तेव्हा काय करायचं, ते जूनच्या भेटीत बघू.